कोळंबी न तापवता

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते. ते खोटं आहे. तिथवर पोचायला त्याला वेळच मिळत नाही, त्याआधीच तो तोंडातून बाहेर पडलेला असतो. त्या आठवड्यात तो सगळाच्या सगळा फहादच्या डोक्यावर पडला.

फहाद श्रीवर्धनचा. चौलजवळच्या आमच्या लहानशा जीवशास्त्र केंद्रात तो जिताडा माशावर पीएचडी करतो, मी कोळंबीवर. आणि या भल्या माणसाने उणे ऐंशी अंशाच्या फ्रीजरमध्ये, माझ्या नमुन्यांच्या खालच्या कप्प्यात, त्याच्या अम्मीने दिलेली सुरमई ठेवली होती. घरच्या फ्रीजात जागा नाही म्हणे. सुरमई ठेवायची म्हणजे दार उघडायचं, काढायची म्हणजे पुन्हा उघडायचं.

"तुझ्या सुरमईने माझा आरएनए सडवला," मी म्हटलं.

"अगं, पिशवी बंद होती. आणि माझा जिताडा तिच्याच शेजारी होता, त्याला कुठं काय झालं?"

हेच तर मला झोंबलं. जेलवर, म्हणजे वीज सोडून आरएनए लहानमोठा वेगळा करणाऱ्या लिबलिबीत वडीवर लावलं की त्याच्या जिताड्याच्या आरएनएच्या दोन झकास पट्ट्या यायच्या. वरची अठ्ठावीस एस, खालची अठरा एस; आकडा मोठा तो आरएनए मोठा. रायबोसोमचे, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचे, हे दोन मोठे आरएनए, आणि पेशीतल्या आरएनएत सगळ्यात जास्त भरणा यांचाच. म्हणून दोन पट्ट्या दिसल्या की नमुना धडधाकट. माझ्या कोळंबीची पट्टी एकच, अठरा एसच्या जागी. वरची गायब. सिक्वेन्सिंग करणाऱ्या कंपनीने सगळे नमुने 'खराब' म्हणून परत पाठवले होते. तुटला की आधी मोठाच आरएनए तुटतो, हे बारावीतलं पोरही सांगेल.

हे नमुने पुन्हा मिळणार नव्हते. पावसाळ्यात एकाएकी खाडीकाठच्या तळ्यात गोडं पाणी भरलं, तेव्हा चिखलात उतरून मी कोळंब्या धरल्या होत्या. खारं पाणी अचानक गोडं झालं की कोळंबी रायबोसोम बनवणं आवरतं घेते का, एवढाच माझा प्रश्न. आणि तो मोजायची युक्ती माझी मला इतकी आवडते की कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

पेशीच्या केंद्रकात न्यूक्लिओलस नावाची एक दाट जागा असते. तिथे आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर एक एक लांबच लांब धागा काढतं. अठरा एस, पाच पूर्णांक आठ एस आणि अठ्ठावीस एस, तिन्ही त्या एकाच धाग्यात. अध्येमध्ये आणि टोकांना निव्वळ फालतू तुकडे. मग बारीक बारीक आरएनए येऊन कुठे काय बदलायचं ते दाखवतात, कापाकापी होते, फालतू तुकडे काढून टाकले जातात. चौथा, पाच एस, त्या धाग्यात नसतोच. तो तीन नंबरचं पॉलिमरेज न्यूक्लिओलसच्या बाहेर बनवतं आणि मग तो आत पाठवला जातो. बाहेरून आलेल्या प्रथिनांबरोबर सगळ्यांची जुळणी होते आणि रायबोसोमचे दोन भाग वेगवेगळे केंद्रकाबाहेर पडतात. आता, तयार रायबोसोम कितीतरी दिवस टिकतात, ते मोजून आजचं काही कळत नाही. पण टोकाचा फालतू तुकडा लगेच नष्ट होतो. म्हणून मी तोच मोजणार होते. घरात आज किती वांगी चिरली हे जाणायचं तर डब्यातली देठं मोजावीत, तसं.

पण देठं मोजायला आधी आरएनए धड हवा. त्या दिवशी तीनला माझं काम तपासायला समिती बसणार होती. मुंबईहून पेडणेकर सर येणार होते. उंदराच्या यकृतावर त्यांची उभी हयात गेलेली. आमचे ताजुद्दीन सर, म्हणजे माझे गाईड, सकाळीच म्हणाले, "राही, मी त्यांना काय सांगू? नमुने सडलेत म्हटलं की ते विषय बंद करतील. हात स्वच्छ ठेव, हात स्वच्छ ठेव, किती वेळा सांगितलं."

"हात माझे स्वच्छच आहेत," मी म्हटलं आणि तणतणत स्कूटर काढली. थेट तळ्यावर. जिवंत कोळंब्या बादलीत घेतल्या, आणल्या आणि आल्या आल्या आरएनए काढायला बसले. फ्रीजर नाही, सुरमई नाही, मध्ये कुणी नाही. आता आल्या दोन पट्ट्या तर फहादचं काही खरं नाही, असं ठरवूनच बसले होते.

जेल बघितलं. पट्टी एकच.

मी पुन्हा बघितलं. मघाशी उड्या मारणाऱ्या कोळंबीचा आरएनए तासाभरात सडला? बरं, सडका आरएनए जेलवर खालपर्यंत फराटा काढतो. इथे फराटा नाहीच. पट्टी रेखीव, आणि चांगली जाडजूड, एका आरएनएला शोभणार नाही इतकी.

"फहाद, इकडे ये."

"सुरमई घरी नेली मी," तो दारातूनच म्हणाला.

"सुरमई घाल चुलीत. इकडे बघ. हा ताजा आहे."

तो वाकून बघायला लागला. मी त्याला सॉरी म्हटलं, पण पटकन म्हटलं, त्यामुळे त्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्याने जेलच्या तळाशी बोट नेलं. "ही बारीक मंडळी तर ठणठणीत दिसतायत. पाच एस हाय, ट्रान्सफर आरएनए हाय. पाच पूर्णांक आठ पण सुटून खाली आलाय."

"सुटून?"

"मग? तो अठ्ठावीसला नुसता चिकटलेला असतो ना, हायड्रोजन बंधांनी. आपण जेलवर घालायच्या आधी तापवतो, तेव्हा सुटतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.  तापवलं की सुटतो. मग तापवलं की आणखी काय काय सुटत असेल?

"फहाद, माझा अठ्ठावीस एस मधोमध कापलेला असेल तर? मुळातच? कोळंबीनेच कापलेला?"

"मधोमध कापला तर दोन अर्धुकं होतील. आणि अठ्ठावीसचं अर्धुक साधारण..." तो थांबला.

"अठरा एसएवढं," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

त्यानंतर आम्ही माणसात नव्हतो. एकाच नळीतल्या आरएनएचे दोन वाटे केले, एक तापवला, एक तसाच ठेवला. शेजारी जिताडा, तोही तसाच, तापवलेला आणि न तापवलेला. फ्रीजरमधले पावसाळ्यातले नमुने काढले, त्यांचंही तेच केलं. जेल चालू असताना फहाद टेबलावर तबला वाजवत होता आणि मी त्याला गप्प बस म्हणता म्हणता त्याच तालावर पाय आपटत होते. मधल्या वेळात संगणकावर शोधलं, तर कीटकांत, कोळंबीच्या गोतावळ्यात हे असं असतं, हे लोकांनी कधीचंच लिहून ठेवलेलं. मूळ धाग्याची कापाकापी झाल्यावर अठ्ठावीस एसच्या मध्यावर आणखी एक छेद बसतो, बारीकसा तुकडा गळतो, आणि दोन्ही अर्धुकं एकमेकांना धरून राहतात. रायबोसोमचं काम बिनबोभाट चालतं. आपण तापवलं की हात सुटतो. आम्हीच मेले वाचायचं सोडून फ्रीजरवरून भांडत बसलेलो.

जेल पूर्ण झालं तेव्हा समिती खोलीत चहा घेत होती. मी बघितलंच नाही, जेल दिव्याच्या ट्रेवर ठेवलं, ट्रे तसाच उचलला आणि आत गेले. ताजुद्दीन सरांनी कपाळाला हात लावला.

"सर, दिवे घालवू का?" मी पेडणेकर सरांना विचारलं, आणि हो म्हणायच्या आत फहादने घालवले.

ट्रेच्या बुडातला प्रकाश लावला. जिताडा, तापवलेला, दोन पट्ट्या. जिताडा, न तापवलेला, दोन. कोळंबी, तापवलेली, एक. कोळंबी, न तापवलेली...

दोन. वरची पट्टी अशी ठसठशीत की मला हसूच फुटलं. आणि पावसाळ्यातले नमुने, ते सडके म्हणून परत आलेले, न तापवता एकूण एक, दोन दोन पट्ट्या घेऊन बसलेले. मी सगळं सांगितलं. भरभर सांगितलं, मधेच हसत सांगितलं, देठांचंही सांगितलं.

पेडणेकर सर बराच वेळ ट्रेवर वाकून होते. "आयुष्यभर उंदीर केले," ते म्हणाले. "मी हे बघून सडकंच म्हटलं असतं. काय ताजुद्दीन? हे नमुने उत्तम आहेत. कंपनीला कळवा, आणि हिला पुढे जाऊ द्या."

  फहादने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि पहिल्यांदाच मी त्याला काही बोलले नाही.

ताजुद्दीन सर मात्र हसत नव्हते. दिवे लागले तरी ते ट्रेकडेच बघत होते. "माझ्याकडे तैयबा होती," ते म्हणाले. "राहीच्या आधी. कोळंबीवरच. तिची पण कायम एकच पट्टी यायची. मी तिला म्हटलं, तुझे हात या कामाचे नाहीत. दोन वर्षं ऐकून घेतलं तिने, मग सोडून गेली. शाळेत शिकवते आता, तळा गावात."

 सरांनी तिथेच फोन लावला. म्हातारपणी ऐकू कमी येतं म्हणून ते स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे पलीकडची पोरांची कलकल खोलीभर ऐकू आली.

"तैयबा बेटा, तुझे हात चांगले होते," सर म्हणाले, आणि मग थांबत थांबत सगळं सांगितलं. छेद, अर्धुकं, तापवणं.

पलीकडे कलकल लांब गेली. ती वर्गाबाहेर आली असावी.

"सर," ती म्हणाली, "तापवायला तुम्हीच सांगितलं होतं."

"होय. मीच."

ती हसली असावी, किंवा रडली असावी, फोनवर कळलं नाही. मग तिने विचारलं, "माझ्या नळ्या फेकल्या काय?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. फ्रीजरची झाडलोट माझ्याकडे असते. मी नाही म्हणून मान हलवली, नळ्या तिथेच होत्या.

"नाही," सर म्हणाले. "आहेत."

"मग कुणाला हात लावू देऊ नका," तैयबा म्हणाली. "शनिवारी शाळा अर्धी असते. मी येते."