टॅली क्लार्क

कामोठ्याच्या मनस्वीनं उरणच्या बाजारात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान थाटलं होतं. कॉमर्स शिकलेली, बोटं झरझर चालणारी, आणि समोरच्या माणसानं काही सांगितलं की "म्हणजे काय?" असं विचारल्याशिवाय राहवत नाही अशी ही मुलगी. पण पुतळा घरत बायोडेटा करायला आली त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि नेमकं तेव्हाच मनस्वीनं "म्हणजे काय?" विचारलं नाही.

पुतळा शेजारच्याच गावची. कंटेनर यार्डात तिनं बरीच वर्षं काढली होती. ते यार्ड बंद पडलं. जासईजवळच्या नव्या गोदामाला माणसं हवी होती, आणि त्यांच्या जाहिरातीत बायोडेटा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मागितला होता. गोदामाचे मॅनेजर मराठी वाचणार आणि ऐरोलीचं ऑफिस इंग्रजी.

मराठीतला मजकूर पुतळानं घरूनच लिहून आणला होता. "टॅली क्लार्क. माल मोजून घेणे." मनस्वीनं तो तसाच टाइप केला. मग इंग्रजी प्रत करायला घेतली. टॅली म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली, कॉलेजात शिकलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर. तिनं इंग्रजीत लिहिलं, अकाउंट्स असिस्टंट. नुसतं क्लार्क बरं दिसत नाही म्हणून वरच्या ओळीत सुपरवायझर घातलं आणि खाली एके ठिकाणी चेकर. पुतळानं इंग्रजी कागद उलटसुलट बघितला, छान दिसतोय म्हणाली आणि घेऊन गेली.

आठवड्याभरानं ती परत आली ती तोंड पाडून.

"बाय, तू काय लिवलंस गं त्यात?" खुर्चीत बसत ती म्हणाली. "ऐरोलीच्या ऑफिसातली ती नमिता मॅडम इंटरव्ह्यूत मला जीएसटीचं विचारते. बँकेचा हिशेब कसा जुळवता, विचारते. मी म्हनलं, मॅडम, मी कवा केला हिशेब? तर बाजूला बसलेले गोदामाचे मॅनेजर, हौसेराव साहेब, मराठी कागद दाखवून म्हनतात, अवो, यांनी तर माल मोजलाय! दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले."

"मग?"

"मग मॅडम म्हनाली, हे दोन कागद दोन बायकांचे वाटतात. यातली खरी कोन?"

मनस्वीचा चेहरा उतरला. "नाही म्हणून सांगितलं का त्यांनी?"

"हौसेराव साहेब बोलले, दोन्ही जुळवून सोमवारी आना. तोवर जागा ठेवतो."

मनस्वीनं शटर अर्धं खाली ओढलं आणि पुतळासमोर स्टूल घेऊन बसली. "ताई, सॉरी. चूक माझी आहे. आता मला एकदम पहिल्यापासून सांगा. तुम्ही सकाळी यार्डात गेलात. पुढे?"

पुतळा आधी घुटमळली. मग काउंटरवरची कागदांची रिमं तिनं आपल्याकडे ओढली आणि एकावर एक रचली. "हा समज कंटेनर. दार उघडायच्या आधी सीलचा नंबर बघायचा, कागदावरच्या नंबराशी जुळवायचा. सील तुटलेलं असंल तर हात नाय लावायचा, साहेबाला बोलवायचं. मग लेबर एकेक खोका बाहेर काढनार. मी दारात उभी. खोक्यावरचा मार्का वाचायचा आणि रेघ मारायची."

तिनं पेन्सिल घेऊन रद्दी कागदावर चार उभ्या रेघा ओढल्या आणि पाचवी त्यांवरून आडवी मारली. "ही झाली पाचाची जुडी. मोजता येतं पटापट. भिजलेला, फुटलेला खोका येगळा लिवायचा. शेवटी आमची मोजनी आणि पार्टीच्या कागदावरचा आकडा बघायचा. कमी भरला का जास्त, ते लिवून सह्या घ्यायच्या."

"आणि याला टॅली म्हणतात? या रेघांना?"

"मग! टॅली शीट. दुसरं काय म्हननार?"

मनस्वी त्या रेघांकडे बघतच राहिली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नावही याच मोजणीवरून पडलं असेल का, असं तिच्या मनात आलं. हे नंतर शोधू, असं म्हणून तिनं कॉम्प्युटर सुरू केला.

आधी तिनं जुन्या यार्डाचं अनुभवाचं पत्र मागून घेतलं. त्यावर हुद्दा स्पष्ट होता, टॅली क्लार्क. मग एका कोऱ्या पानावर तिनं दोन रकाने पाडले, एक मराठीचा, एक इंग्रजीचा. ज्या कामाला डावीकडे जे नाव, त्याला उजवीकडे एकच नाव, आणि दोन्ही प्रतींत शेवटपर्यंत तेच.

"मराठीत गणना लिपिक लिहू का?" तिनं विचारलं.

पुतळा खळखळून हसली. "यार्डात असं कोनाला हाक मारलीस तर मागं वळून पन बघनार नाय."

म्हणून मराठीतही टॅली क्लार्कच ठेवलं आणि त्याखाली साध्या मराठीत एक ओळ, कंटेनरमधून उतरणारा व चढणारा माल मोजून नोंद करणे. इंग्रजीतही तीच ओळ, त्याच जागी. सीलला सीलच. चेकर काढून टाकलं. सुपरवायझरवर मात्र पुतळा अडली.

"ते राहू दे ना. साहेब नसले की लेबरची आख्खी गँग मीच सांभाळायची."

"केलंय तर लिहूच, ताई. पण हुद्द्यात नाही. पत्रावर जे आहे ते हुद्द्यात. गँग सांभाळायचात ते कामात लिहू, दोन्हीकडे."

पुतळाला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. मग नावाची गंमत निघाली. आधार कार्डावर इंग्रजीत 'टी'नंतर 'ए' होता, अनुभवाच्या पत्रावर नव्हता. मनस्वीनं दोन्ही प्रतींत आधारप्रमाणे नाव घेतलं आणि पत्रावरचं स्पेलिंग वेगळं का, ते खाली एका ओळीत दिलं. महिने आणि वर्षंही दोन्ही कागदांवर ताडून पाहिली. शेवटी तिनं मराठी प्रत हातात घेतली, पुतळाला इंग्रजी प्रतीवर बोट ठेवायला लावलं आणि ओळीमागून ओळ मोठ्यानं वाचली. प्रत्येक ओळीला समोर जोडीची ओळ होती.

सोमवारी नमिता मॅडमनं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि वरून खाली बोट फिरवत नेलं. "आता कळलं," एवढंच ती म्हणाली. मग पुढचे प्रश्न हौसेरावांनी विचारले. मोजणी चालू असताना पार्टीचा माणूस घाई करू लागला तर? आकडा जमला नाही तर? पुतळा खुर्चीत पुढे सरकून बोलत राहिली. दोन दिवसांनी फोन आला. कामावर या, हुद्दा कार्गो चेकर.

पेढे घेऊन ती दुकानात आली तेव्हा तिच्या डोक्यात नवीनच काहीतरी होतं. "बाय, आता मागच्या कामाला पन चेकरच करून टाक. सगळं एकसारखं दिसंल."

"नको," मनस्वी म्हणाली. "तिथं तुम्ही टॅली क्लार्क होतात, ते तसंच राहू द्या. चेकर नव्या ओळीत येईल, सगळ्यात वर."

पुतळानं जरा विचार केला, मान डोलावली आणि तिला पेढा भरवला. "तुला एवढं सगळं विचारायचं असतं तर ये ना एकदा बघायला. साहेबांना सांगते मी."

रविवारी हौसेरावांच्या परवानगीनं मनस्वी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून जासईच्या गोदामात उभी होती. पुतळानं सीलचा नंबर वाचला, कागदावर खूण केली, मग कंटेनरचं दार करकरत उघडलं. आत खोकी छतापर्यंत रचलेली, आणि त्यांना आडवे ताणून बांधलेले जाड पट्टे.

"आधी लॅशिंग सोडा रे!" पुतळा ओरडली.

मनस्वी पुढे झाली. "लॅशिंग म्हणजे काय, ताई?"