अर्ध्या किमतीचा कोड

"ताई, ती आत गेली का?"

माझा धाकटा भाऊ धापा टाकत परीक्षा केंद्राच्या काउंटरवर आदळला. त्याची बायको दहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरीला लागणार होती, पण कॉम्प्युटर नेटवर्किंगची ही परीक्षा पास झाली तरच. ती अर्ध्या तासापूर्वी आत गेली होती. नात्यातली म्हणून तिचं ओळखपत्र मी नाही, माझ्या सहकाऱ्यानं तपासलं होतं.

त्यानं मोबाइल पुढे केला. परीक्षेची फी भरायचं व्हाउचर, म्हणजे एक कोड, त्यानं अर्ध्या किमतीत एका ग्रुपवरून घेतलं होतं आणि महिनाभर गावभर मिरवलं होतं. आज त्याच ग्रुपवर बोंबाबोंब. कोड चोरीच्या क्रेडिट कार्डांवर घेतलेले निघाले. परीक्षा घेणारी कंपनी ते एकेक करून रद्द करत होती आणि त्यांच्यावरची बुकिंगही.

"पण कोड चालतोय हे बघूनच मी पैसे दिले होते, ताई!"

"शहाण्या, चोरीचाही कोड आधी चालतोच. कार्डवाला तक्रार करतो तेव्हा बाद होतो. पास झाल्यावरही निकाल काढून घेऊ शकतात."

फी कशी भरली हे आमच्या केंद्राला दिसत नाही. मी काय धीर देणार? तो खुर्चीच्या टोकावर बसून राहिला आणि मला त्याची फार दया आली. लहानपणीही तो वस्तू मोडली की असाच बसायचा.

ती बाहेर आली. मी निकालाचा कागद छापून दिला. पास! त्याला हसू येईना. त्यानं तिथेच सगळं कबूल केलं.

ती म्हणाली, "अरे, तो कोड मी वापरलाच नाही."

"म्हणजे?"

"कंपनीच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते. तुझा कोड विकणारा माणूस त्यात नव्हता. बिल मागितलं तर म्हणाला, तुमच्या खात्याचा पासवर्ड द्या, मीच बुक करून देतो. तेव्हाच कळलं, दाल में कुछ काला है. शिकवण्यांच्या पैशांतून पूर्ण फी भरली."

"मग मला बोलली का नाहीस?"

"इतका खुशीत होतास. तुझा विरस कशाला करू?"

मला वाटलं, आता हा तिला मिठी मारेल. नवऱ्याचं मन असं जपणारी बायको मिळायला नशीब लागतं. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, मी तोच माणूस ऑफिसातल्या चौघांना सुचवला. तुझं बुकिंग त्याच्याच कोडवर झालं, असं सांगून. त्यातल्या एकीची परीक्षा आज सकाळी रद्द झाली. तिची बढती अडली आहे."

मग तिनं निकालाचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि त्याच्या शेजारी बसली.

"फोन लाव तिला," ती म्हणाली. "आधी मी बोलते. तो माणूस खोटा आहे हे मला आधीच कळलं होतं, म्हणून मीच सांगायला हवं."