पंचवीसपैकी चार

अंकिता आणि सिद्धेश्वरी एकाच गल्लीत राहायच्या, नववी ब मध्ये एकाच बाकावर बसायच्या. विज्ञानाच्या हत्तुरे सरांनी प्रकल्प वाटले तेव्हा लंबक या दोघींच्याच वाट्याला आला. दोरीची लांबी बदलली तर झोक्याला लागणारा वेळ किती बदलतो आणि गोळ्याचं वजन बदललं तर किती, एवढंच शोधायचं होतं.

"एकदा मोजून भागत नाही," सर म्हणाले होते. "प्रत्येक मापन पाच वेळा करा. वीस झोक्यांचा वेळ घ्या आणि विसानं भागा, म्हणजे बटण दाबताना झालेली चूक विसांत वाटली जाईल. आणि एखादं मापन विचित्र आलं तरी खोडायचं नाही. शेजारी लिहायचं, विचित्र का वाटतंय ते."

सिद्धेश्वरीच्या घरी पुढच्या खोलीच्या चौकटीला खिळा होता. मागच्या पडवीत तिची आई सावित्रम्मा, म्हणजे तिची अव्वा, चुलीवर कडक भाकऱ्या भाजून दुकानांना द्यायची. शाळेआधी दोन तास सिद्धेश्वरीही तव्यापाशी बसायची. त्या रविवारी काम लवकर उरकलं आणि मुलींनी दोरी टांगली. गोळा म्हणून प्लॅस्टिकच्या एकाच मापाच्या तीन डब्या घेतल्या, काठोकाठ भरल्या. एकीत ज्वारी, दुसरीत वाळू, तिसरीत लोखंडी छर्रे. लांबी खिळ्यापासून डबीच्या मध्यापर्यंत मोजली. अंकितानं डबी थोडीशीच बाजूला घेऊन सोडायची आणि आकडे लिहायचे. मनात मोजायचं आणि मोबाइलवरचं घड्याळ चालू-बंद करायचं काम सिद्धेश्वरीचं. दोन्ही टोकांना एकाचाच हात असला म्हणजे बरं, असं सरांनीच सांगितलं होतं.

ज्वारीच्या डबीला शंभर सेंटिमीटर दोरी. चाळीस पूर्णांक एक सेकंद. चाळीस पूर्णांक तीन. चाळीस. चाळीस पूर्णांक दोन. आणि पाचव्यांदा शेहेचाळीस पूर्णांक दोन.

"सिद्धे, काय केलंस?"

"काय न्हाय की. वीस मोजले."

पंचवीस सेंटिमीटरला तसंच झालं. वीस सेकंद येत असताना मध्येच पंचवीस आले. चौसष्ट सेंटिमीटरच्या वेळी अंकितानं सहज मान वर केली. सिद्धेश्वरी भिंतीकडे बघत होती. ओठ हलायचे थांबले होते, पापण्या मात्र फडफडत होत्या.

"ए सिद्धे!"

उत्तर नाही. मग ओठ पुन्हा हलले आणि थोड्या वेळानं तिनं बटण दाबलं. "वीस. लिही."

"लक्ष कुटं असतं गं तुझं? हाक मारली तर ऐकू येईना व्हय?"

"कधी मारलीस?" सिद्धेश्वरीचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. "चुकलं का माझं?"

"चुकलंच. झोपतेस तू उभ्या उभ्या."

पुढं शंभर सेंटिमीटरवर छर्‍यांच्या डबीलाही एकदा चव्वेचाळीस आले. पंचवीस मापनांत चार बिघडली. शेवटी चिडून अंकितानं घड्याळ आपल्या हातात घेतलं आणि ती चारही पुन्हा केली. सगळी जुळली. सिद्धेश्वरी कोपऱ्यात गुपचूप दोरी गुंडाळत बसली.

पक्क्या वहीत अंकितानं ती चार मापनं घेतलीच नाहीत. तक्ता कसा स्वच्छ दिसला! वजन कितीही असो, शंभर सेंटिमीटरला एका झोक्याला दोनच सेकंद. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट. कच्ची पानं तिनं वहीच्या कव्हरात कोंबली.

सरांनी तक्ता दोनदा वाचला. "एकही मापन इकडंतिकडं नाही?"

"नाही सर."

सरांनी वहीवर सही केली. मग त्यांनी जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडलेल्या यादीत दोघींची नावं लिहिली.

अकरा दिवसांनी, सकाळी सातला, सिद्धेश्वरी तव्यावर पडली. सावित्रम्मा पाणी आणायला गेली होती. वास आला म्हणून ती धावत परतली, तर मुलगी चुलीवर ओणवी झाली होती. उजवा हात कोपरापर्यंत तापल्या तव्यावर होता. ती ओरडलीही नव्हती.

संध्याकाळी अंकिता आईबरोबर दवाखान्यात गेली. तरुण डॉक्टरीणबाई सावित्रम्माला विचारत होत्या, "बोलता बोलता मधेच गप्प होते का ही? काही सेकंद नुसती बघत राहते, हाक ऐकू येत नाही, असं कधी?"

"न्हाय न्हाय," सिद्धेश्वरीचे वडील रेवणप्पा मधेच म्हणाले. "झोप झाली नव्हती. घेरी आली. तसलं काय आमच्या घरात न्हाय."

अंकिताला भिंतीकडे बघत राहिलेली सिद्धेश्वरी आठवली. ती आईच्या मागं सरकली.

घरी जाऊन तिनं चुरगळलेली पानं काढली. शेहेचाळीस पूर्णांक दोन म्हणजे सहा सेकंद जास्त, दोन सेकंदांचे बरोबर तीन झोके. पंचवीस सेंटिमीटरला पाच सेकंद जास्त, म्हणजे पाच झोके. चौसष्टला तीन झोके, छर्‍यांना दोन. बटण दाबायला उशीर झाला असता तर फरक थोडका आला असता. इथं पूर्ण झोके गायब होते. दर वेळी चार ते सहा सेकंद सिद्धेश्वरी तिथं नव्हतीच, आणि परत आल्यावर जिथं सोडलं तिथून पुढं मोजत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं सरांपुढं ठेवलं. सरांनी पानं तक्त्याशी ताडून बघितली.

"इतका स्वच्छ तक्ता मुलांचा कधी येत नाही," ते म्हणाले. "मला कळलं होतं. तरी मी सही केली." आणि शाळा अर्धी टाकून ते तिला घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी आकडे बोटानं एकेक वाचले. "ही फिटच आहे. अशा फिटमध्ये मुलं पडत नाहीत, ओरडत नाहीत, नुसतं भान जातं. त्या दिवशी मोठी आली. मेंदूचा आलेख काढू, गोळ्या सुरू करू." मग त्यांनी पानांवरची तारीख बघितली, हात भाजायच्या कितीतरी दिवस आधीची, आणि पानं परत दिली. त्या तारखेचं ओझं अंकिताला घरी पोचेपर्यंत झेपेना.

"हळू बोला हो," दवाखान्यात रेवणप्पा डॉक्टरीणबाईंपुढं हात जोडत होते. "फिट म्हणू नका. उद्या तिचं लग्न व्हायचंय."

सरांनी प्रकल्प मागं घेतला. का, ते वर्गात सांगितलं नाही, पण सिद्धेश्वरीला फिट येते हे चार दिवसांत गल्लीभर झालं. दुसऱ्या महिन्यात सिद्धेश्वरीच्या मांडीची कातडी काढून हातावर लावली. तरी तीन बोटं एकमेकांना चिकटून वाकडी राहिली. सिद्धेश्वरीचं नाव शाळेतून काढलं. तिला अक्कलकोटकडं मावशीच्या गावी पाठवायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी अंकिता तिला भेटायला गेली. सिद्धेश्वरी खाटेवर बसली होती. गोळ्यांनी चेहरा सुजलेला, डोळे जड.

"किती वेळा गेलते मी त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"चार."

"तुला दिसलं होतं?"

"एकदा. मला वाटलं..."

"मी इचारलं होतं तुला, चुकलं का म्हणून."

अंकिता रडायला लागली. सिद्धेश्वरी रडली नाही.

"माझंच चुकतंय, असंच वाटायचं मला लहानपणापासून," ती म्हणाली. "बाई मारायच्या, अव्वा मारायची. तुझ्याकडं कागदावर होतं गं. डॉक्टरला दाखवलंस, सरांना दाखवलंस. मला न्हाय दाखवलंस."

तेवढ्यात सावित्रम्मा दारात आली. "पोरी, जा आता. मावशीकडचे पावणे यायलेत, त्यास्नी फिटचं काय कळाया नगं. तू हितं दिसू नगंस."

अंकिता उठली. सिद्धेश्वरीनं डाव्या हातानं पांघरूण ओढलं आणि भिंतीकडं तोंड केलं.