हातावरच्या घड्याळाची साक्ष

दोन हजार एकोणीस साली आमच्या घरात एका मनगटी घड्याळाने माझ्या थोरल्या जाऊबाईंना खोटारडं ठरवलं. माणसांनी त्यावर विश्वास ठेवला. ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

जाऊबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पुस्तकबांधणी हा त्यांचा धंदा. दीर गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता कारखाना बंद. त्यांनी तेराव्या दिवशी पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवायला घेतली. घराच्या मागे अंगण, अंगणापलीकडे जाड भिंतींची लांबट खोली, तोच कारखाना. त्यात पुठ्ठ्यांच्या चवडी, दाबयंत्र आणि कागद कापायचं थोरलं यंत्र. वाचनालयांची फाटकी पुस्तकं आणि वकिलांचे जाडजूड खंड तिथून नवी कापडी पाठ लावून बाहेर पडत. कामाला आता त्या एकट्याच होत्या. मी घर सांभाळायचे. दोघी विधवा, एका छपराखाली, आणि भांडायला कायम सवडीने मोकळ्या.

त्यांचा मुलगा परगावी नोकरीला. त्याला आम्ही छोटू म्हणतो. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि डोक्यावर केस मोजके उरले होते, तरी छोटूच. त्या वर्षी जाऊबाईंना कारखान्यात भोवळ आली, यंत्राच्या कडेला कपाळ आपटलं, खोक पडली. छोटूने ते घड्याळ आणलं. त्यात नाडी दिसे, पावलं मोजली जात आणि कडेची कळ दाबून धरली की छोटूच्या फोनवर मदतीचा निरोप जाई. छोटूच्या फोनवर एक ठिपकाही असे. घड्याळाशी संपर्क असेल तर हिरवा, नसेल तर राखाडी.

"आई, एकच अट," तो म्हणाला होता. "हे हातावर असायला हवं. नसलं तर कारखाना बंद आणि तू माझ्याकडे."

"तुझ्याकडे येऊन काय करू? चौथ्या मजल्यावरून गाड्या मोजू?" जाऊबाई म्हणाल्या. पण अट त्यांनी मान्य केली. त्या कधी दिलेला शब्द मोडत नसत.

आता आमच्या फोनबद्दल सांगते. आम्हा दोघींत मोबाइल एकच. तो दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या उंच तिवईवर असायचा, पूर्वी जिथे काळा फोन होता तिथेच. त्या काळ्या फोनसाठी मी विणलेला झालरीचा रुमाल आता मोबाइलखाली अंथरलेला. फोन वाजला की उठून जायचं, बोलायचं, परत ठेवायचा. फोन खिशात घालून हिंडणं आम्हाला ठाऊक नव्हतं. जाऊबाईंनी एकदा तो कारखान्यात नेला होता तेव्हा चार्जिंगच्या भोकात खळ गेली आणि दुरुस्तीवाल्याने ती टाचणीने कोरून काढली. त्यानंतर फोनला अंगण ओलांडायची बंदी झाली.

छोटूला हे माहीत होतं, म्हणून त्याने घड्याळ वाय-फायलाही जोडून दिलं होतं. "फोन जवळ असला की हे ब्लूटूथवर फोनशी बोलतं," त्याने समजावलं. "फोनपासून लांब गेलीस की आपोआप घरचं वाय-फाय धरेल. फोन मात्र चालू ठेवा, त्यालाही नेट हवं, म्हणजे त्याच्यावर आलेले निरोप इकडे पोचतील." आणि खरंच, पहिले काही आठवडे कारखान्यात जाऊबाईंच्या मनगटावर छोटूचे निरोप थरथरत यायचे. 'जेवलीस का', 'पाणी पी'. "यापेक्षा सासूबाई कमी विचारायच्या," त्या म्हणायच्या.

मग तो सुट्टीला येऊन गेला, आणि पुढच्याच आठवड्यापासून त्याचे मला फोन सुरू झाले.

"काकू, आई घड्याळ काढून ठेवते का?"

"नाही रे. अंघोळीला तेवढं काढते."

"मग दिवसभर राखाडी का दिसतं? जेवायच्या वेळी हिरवं होतं, की परत राखाडी. म्हणजे जेवायला येताना घालते आणि जाताना काढते."

"तुझी आई पोरगी आहे का शाळेतली?"

"काकू, तू तिची बाजू घेऊ नकोस."

मी तडक कारखान्यात गेले. जाऊबाई एका पुस्तकाची पाठ शिवत बसल्या होत्या आणि घड्याळ मनगटावर होतं. पट्ट्याखाली कातडीला पांढरा वळ उठला होता, इतकं ते चिकटून असायचं. मी छोटूला परत फोन लावून तसं सांगितलं. तो हसला. "तू येतेयस हे दिसल्यावर तिने घातलं असेल."

आता काय म्हणावं! मीही खोटी आणि त्याही खोट्या, खरा फक्त तो ठिपका. या पोराला मी कडेवर घेऊन वाढवलं. त्याच्या गोवरात रात्री जागवल्या. त्याला माझ्या डोळ्यांपेक्षा त्या राखाडी टिकलीचा भरवसा वाटला.

महिनाभराने तो आला तो यंत्राला गिऱ्हाईक ठरवूनच. दुसऱ्या दिवशी ते माणसं घेऊन यंत्र न्यायला येणार होतं. ऐकून जाऊबाई ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. दिवाणखान्यात ताठ बसून राहिल्या.

"मी घड्याळ काढलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"आई, बघ, तुझ्यासमोर तपासतो." त्याने निरोप धाडला. घड्याळ थरथरलं. त्याच्या फोनवर ठिपका हिरवागार. "चालतंय ना? वस्तूत दोष नाही. मग दोष कुणात?"

"माझ्यात म्हण. तोंडाने म्हण."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायला हिंमत लागते," मी मध्ये पडले. "यंत्र विकायला काही लागत नाही."

"काकू, कापायचं यंत्र आहे ते! उद्या हात गेला तर?"

"हात तिचे आहेत," मी म्हटलं. "आणि जीभही तिची. ती खोटं बोलत नाही."

जाऊबाई उठल्या. घड्याळ काढलं, छोटूचा हात धरला आणि लहानपणी दृष्टीचा काळा दोरा बांधावा तशी ओढून त्याच्या मनगटावर पट्ट्याची अडकण लावली.

"चल माझ्याबरोबर. तासभर काम कर. तू काढतोस का बघते."

तो नको नको म्हणत होता, पण चाललाही. मीही मागोमाग गेले. आमचा फोन नेहमीप्रमाणे तिवईवर राहिला. कारखान्यात जाऊबाईंनी त्याला पुठ्ठ्यांना खळ लावायला बसवलं. कुंचला धरायला त्याला लहानपणीच शिकवलं होतं, हाताला अजून आठवत होतं. मग जाऊबाई म्हणाल्या, "आता तुझा फोन काढ. तुझी आई काय करतेय, बघ."

त्याने खिशातून फोन काढला. ठिपका राखाडी होता.

मनगटावर घड्याळ, घड्याळाखाली त्याचीच नाडी, आणि त्याचाच फोन सांगतोय, संपर्क नाही. तो एकदा हाताकडे बघे, एकदा फोनकडे.

"माझा फोन तर इथेच आहे," तो पुटपुटला. "पण ते जोडलंय आत तिवईवरच्या फोनशी. तो लांब आहे, ब्लूटूथ इथवर येत नाही. मग वाय-फाय घ्यायला हवं. इथे वाय-फाय येतं, मी इथे बसून ऑफिसचं काम केलंय."

"काढलंस का रे?" जाऊबाईंनी विचारलं.

"आई..."

"काढलंस का?"

"नाही."

"मला एवढंच ऐकायचं होतं."

त्याने घड्याळात बोट सरकवत सेटिंग उघडलं. वाय-फायमध्ये आमच्या घरचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पासवर्ड तपासा. तो वाचून थबकला. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तू पासवर्ड बदलला होतास," मी म्हटलं. "मागे आलास तेव्हा. मी शेजारच्या मुलींना अभ्यासाला पासवर्ड दिला म्हणून माझ्यावर डाफरलास. म्हणालास, तुम्ही गावभर वाटता, आता तुम्हाला सांगणारच नाही. तिवईवरच्या फोनमध्ये तूच नवा घातलास. घड्याळात घातलास का?"

त्याने फोन पुठ्ठ्यांवर ठेवला.

"तेव्हा मी दिवाणखान्यातच बघितलं," शेवटी तो म्हणाला. "निरोप पोचला, वाटलं झालं. फोन शेजारी असला की घड्याळ फोनवरूनच सगळं घेतं. वाय-फाय झोपलेलंच असतं. जुना पासवर्ड आत तसाच राहिला. फोन लांब गेला की ते जुनाच पासवर्ड लावत बसायचं."

"आणि दर वेळी तपासलंस कुठे? दिवाणखान्यात!" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "छोटू, ती इथे पडली असती तर? कळ दाबून दाबून बोट दुखलं असतं. निरोप कुठे गेला असता? आणि तू तिकडे ठिपका बघून म्हणाला असतास, काढलंय हिने परत."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो खळीच्या हातानेच बाकावर बसला. जाऊबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. मला ते आवडलं.

मग त्याने घड्याळातून जुनं नाव पुसलं, यादीतून घरचं वाय-फाय पुन्हा निवडलं आणि त्या टिचभर पडद्यावर एकेक अक्षर दाबत नवा पासवर्ड घातला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जोडलं गेलं. काही क्षणांनी त्याच्या फोनवरचा ठिपका हिरवा झाला. जाऊबाईंनी घड्याळ परत आपल्या हातावर घेतलं आणि कळ दाबून धरली. छोटूचा फोन कर्कश ओरडला.

"हे इथेच उभं राहून बघायचं असतं," त्या म्हणाल्या. "तिकडे फोनच्या मांडीवर बसून नाही. आणि पासवर्ड मला सांग. कुलूप माझ्या घराचं आणि किल्ली तुझ्या खिशात, हे चालायचं नाही."

त्याने सांगितला. त्यांनी खडूने कारखान्याच्या दारामागे लिहून घेतला.

"उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगशील?"

"नको म्हणून सांगतो."

"का नको, तेही सांगायचं. आई खोटं बोलत नव्हती, असं. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला आणि आईच्या डोळ्यांत बघत जसंच्या तसं सांगितलं. पलीकडच्या माणसाला काय कळलं असेल देव जाणे. जाऊबाईंना हवं ते मिळालं. त्या पाठ शिवायला बसल्या.

पुढे जाऊबाईंनी आणखी चार वर्षं बांधणी केली. कारखाना बंद केला तो त्यांनीच, सुईत दोरा ओवता येईना तेव्हा. यंत्र एका छापखान्याला दिलं आणि लावायचं कसं ते शिकवायला स्वतः दोनदा गेल्या. गेल्या वर्षी झोपेतच त्या गेल्या, हातावर घड्याळ घालूनच. छोटू निवृत्तीला आलाय. दर आठवड्याला फोन करतो, आणि ठिपका राखाडी दिसला तर आधी विचारतो, "काकू, वाय-फाय चालू आहे ना?" कारण घड्याळ आता माझ्या हातावर असतं. शेजारच्या मुलींपैकी मोठी परदेशी शिकायला गेली, धाकटी संध्याकाळी माझ्याकडे चहाला येते. यंत्राचं ते गिऱ्हाईक परत कधी फिरकलं नाही. आणि छोटूने आईची माफी मागितली का, असं मला पुष्कळ जण विचारतात. मागितली. पण जाऊबाईंनी ती दिली की नाही, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही त्याच्या वतीने कधी विचारलं नाही.