वळते केलेले दोन महिने

काकूंच्या मते भाडेकरूंचे दोनच प्रकार होते. पहिला तारीख चुकवतो आणि दुसरा नजर चुकवतो. वरच्या खोलीतला चष्मेवाला मात्र कुठल्याच प्रकारात बसत नव्हता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. चार वर्षं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी सात वाजता तो दारात उभा राहायचा, भाडं हातात द्यायचा, खुर्चीच्या टोकावर टेकायचा आणि चहा संपेपर्यंत बसायचा. त्या वीस मिनिटांसाठी काकू आदल्या दिवशी दूध जास्त घ्यायच्या. हे अर्थातच कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

या महिन्याचं भाडं दिलं, चहाही संपला, तरी तो उठेना.

"काकू, दुकान गावाबाहेर चाललंय. हा महिना धरून तीन महिन्यांनी खोली सोडतो. आजच नोटीस धरा."

"धरली," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा ठेवायला त्यांना थोडी मेहनत घ्यावी लागली.

"आणि एक विचारायचं होतं. माझं तीन महिन्यांचं डिपॉझिट आहे तुमच्याकडे. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं त्यातूनच वळतं करून घ्याल? नव्या घरमालकाला आधी डिपॉझिट मोजायचंय, तुमचं मिळणार मी गेल्यावर. मधल्या मधे माझं भरीत होतंय."

"सगळे जाताना हेच म्हणतात," काकू फणकारल्या. "डिपॉझिट म्हणजे काय आगाऊ भाडं? ते खोलीच्या नुकसानीसाठी असतं. तू दोन महिने फुकट राहणार, भिंतीला भोकं पाडणार, आणि मी उरलेल्या एका महिन्याच्या पैशांत रंग काढू, नळ बदलू की तुझं लाईटबिल भरू?"

"भोकं नाही पाडली मी."

"ते मी बघीन."

बोलणं चोख होतं. कुठल्याही घरमालकिणीने हेच सांगितलं असतं. पण काकूंना स्वतःची लबाडी ओळखता येत होती. भाडं वळतं झालं, की पहिल्या तारखेला त्याला दारात यायचं कारणच उरणार नव्हतं. म्हणजे चहाच्या दोन संध्याकाळी हातच्या जाणार. डिपॉझिटचं काय, ते आज ना उद्या परत करायचंच होतं.

रविवारी त्या जिना चढून वर गेल्या. गुडघे कुरकुरले, पण नजर कोतवालाची होती. त्या मनात यादी करत चालल्या: खिळे, ओल, तुटलेली कडी, ओट्यावरचा डाग. काहीतरी सापडायलाच हवं होतं. चार वर्षं माणूस राहिला म्हणजे चार-दोन हजारांचं नुकसान कुठे गेलं?

भिंतींवर एकही खिळा नव्हता. कॅलेंडर टेबलावर आडवं पडलं होतं. ओटा स्वच्छ, नळ घट्ट. एक ताट, एक वाटी, एक पेला. पाहुण्यासाठी दुसरा पेलासुद्धा नव्हता.

"अरे, तू इथे राहत होतास की नुसता उभा होतास?"

तो ओशाळून हसला. "भोकं पाडली तर बुजवावी लागतील म्हणून."

"मग काहीच लावलं नाहीस?"

"लावण्यासारखं काही नव्हतं, काकू."

आता नाही म्हणायला काही कारण उरलं नाही. त्यांनी पलंगाच्या कडेवर बसून वहीच्या कागदावर लिहिलं: पुढच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं. उरलेल्या एका महिन्याच्या रकमेतून शेवटचं लाईटबिल वजा करून बाकी परत. दोघांनी सह्या केल्या.

"बिल मी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी येईल," तो म्हणाला. "बाकी फोनवरून पाठवून द्या."

"मला फोनवरून जमत नाही."

"अहो, लाईटबिल तर तुम्ही फोनवरच भरता. तुम्हीच सांगितलंत."

काकू पकडल्या गेल्या. पण त्या अशा हार मानणाऱ्या नव्हत्या.

"कंपनीला पाठवायला जमतं. माणसाला नाही जमत."

त्याने कागद ओढून घेतला आणि 'परत' या शब्दाच्या आधी 'समक्ष' असं बारीक अक्षरात लिहिलं.

"तासभर लागेल यायला. चहा पाजाल ना?"

"बिल किती येतं ते बघून ठरवीन."

पुढची पहिली तारीख आली. सात वाजता जिन्यावर पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि न थांबता खाली रस्त्याला लागली. दुकानाचं सामान हलवायची घाई असणार. तक्रार करायला जागा नव्हती, कागदावर त्यांचीच सही होती. काकूंनी स्वतःपुरता चहा केला आणि कॅलेंडरसमोर उभ्या राहून शेवटच्या बिलाची तारीख मोजू लागल्या. ते लवकर यावं, की जितकं लांबेल तितकं लांबावं, हे मात्र त्यांना काही केल्या ठरवता येईना.