किरीटभाईंच्या नावचं भाडं

राजकोटला सी.ए. परेशभाईंच्या ऑफिसात मृदुलाबेन यंदा एकट्याच आल्या. त्यांचे यजमान, किरीटभाई, दिवाळीत वारले होते.

"फ्लॅट माझ्या नावावर, पण पैसे सगळे त्यांनी दिलेले. म्हणून भाडं त्यांच्या उत्पन्नात धरता ना? यंदाही तसंच धरा."

"भाभी, नवरा-बायकोचं नातं असेपर्यंतच तसं धरतात. ते गेले तोवरचं भाडं त्यांचं. पुढचं तुमचं."

"पण ते त्या फ्लॅटमध्ये असतात, परेशभाई. भाडेकरूलाही त्यांचा खोकला ऐकू येतो."

परेशभाईंनी चष्मा पुसला. "आयकर खात्याला खोकला चालत नाही, भाभी."

मृदुलाबेनना हसू आलं, पाठोपाठ रडूही.

"मग पुढचं माझ्यात धरा," त्या हळूच म्हणाल्या, शेजारच्या खोलीत कुणाला ऐकू जाऊ नये तशा.