निळ्या कागदातला कापूस

सकाळचे दहा वाजले नव्हते, तोच केरुबोचा जीव मेटाकुटीला आला होता. नैरोबीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत काम सोपं, पण मान मोडणारं. पडद्यावर फोटो येतो, त्यातल्या प्रत्येक वस्तूभोवती चौकट आखायची आणि यादीतलं नाव द्यायचं. परदेशातलं कुठलंसं यंत्र त्यावरून शिकतं. रोज तीनशे फोटो. यंत्र शिकून शहाणं होतं आणि केरुबोचे डोळे जातात, असा सगळा व्यवहार.

सोळा वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात आया म्हणून काढली होती. रुग्ण उचलता उचलता कंबर गेली, तेव्हा ही खुर्ची मिळाली. आता दुसरं कुणी तिला कामावर ठेवणार नव्हतं.

कालचा फोटो तपासणाऱ्याचा लाल शेरा घेऊन परत आला होता. प्रथमोपचाराची उघडी पेटी. चार वस्तू. सुरकुतलेली, कातडीच्या रंगाची, बारीक धातूच्या चापांची गुंडाळी म्हणजे क्रेप बँडेज. आरपार दिसणारी पांढरी जाळीची घडी म्हणजे गॉझ. रिळावरची पांढरी पट्टी म्हणजे चिकटपट्टी. आणि निळ्या कागदातली जाड गुंडाळी म्हणजे कापसाचा रोल. तीन बरोबर. चौथ्यावर शेरा: 'चूक. कागदाचा रोल.'

"बारासा, हे बघ," तिनं गटप्रमुखाला हाक मारली. बारासा तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा, पण डोळ्यांखाली तिच्याइतकीच काळी वर्तुळं. "कापसाला कागद म्हणतात हे. कापूस निळ्या कागदात गुंडाळून येतो, थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. दवाखान्याची पायरी चढलाय का कधी हा माणूस?"

"ताई, तो माणूस कुठे बसतो तेही मला ठाऊक नाही."

"मग त्याला विचार ना."

"विचारायची सोय नाही. दोनच बटणं. एक, दुरुस्ती. दुसरं, तक्रार. तक्रारीचा निकाल यायला सहा दिवस, आणि तोवर तुमचं खातं बंद." त्यानं आवाज खाली आणला. "पंधरवड्यात तुमचे दोन शेरे झालेत. हा तिसरा राहिला, तर खुर्ची गेली. दुरुस्ती केली, तर शेरा पुसला जातो. कशाला हट्ट? कागद म्हणा आणि सुटा."

केरुबो उठली. खोलीतल्या भिंतीवरची प्रथमोपचाराची पेटी काढून आणली आणि निळी गुंडाळी त्याच्या टेबलावर सोडली. कागद उलगडला, आत पांढराशुभ्र कापूस.

बारासानं चिमूटभर काढून बोटांत चोळला. "कापूसच आहे," तो म्हणाला. "पण माझ्या म्हणण्यानं काय होतंय?"

तिला राग आला, पण राग धरायलाही अंगात त्राण नव्हतं. आपली खुर्ची वाचते आहे ना, मग निळ्या गुंडाळीचं काय एवढं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. 'कागदाचा रोल' लिहिलं. शेरा पुसला गेला. दुपारी मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकुमाची पालेभाजी तिला गोड लागेना.

दोन आठवड्यांनी तसाच फोटो आला. यंत्र आता शिकलं होतं. चौकटी आधीच आखलेल्या, नावंही भरलेली. तिनं फक्त 'बरोबर' दाबायचं. क्रेप, गॉझ, चिकटपट्टी, आणि निळ्या गुंडाळीवर ठसठशीत: कागदाचा रोल.

आपणच शिकवलं हे. तिला वॉर्डातली एक नवी मुलगी आठवली. भाजलेल्या बाळाच्या जखमेवर गॉझ समजून कापूस ठेवला होता तिनं, आणि कापसाचे तंतू केरुबोनं तासभर चिमट्यानं काढले होते, बाळ रडत असताना. नावं चुकली की हातही चुकतात. हे यंत्र उद्या कुणाला काय सांगेल?

नव्या पंधरवड्यातही तिच्या नावावर दोन शेरे होतेच. डोळ्यांत तेल घालून बसलं तरी दोन होतातच.

तिनं यंत्रानं दिलेलं नाव पुसलं आणि यादीतून 'कापसाचा रोल' निवडलं. चार वाजता लाल शेरा आला. या वेळी तिनं दुसरं बटण दाबलं.

पडदा करडा झाला. 'खाते बंद आहे.'

बारासा येऊन उभा राहिला. त्यानं पडदा वाचला, तिच्याकडे बघितलं. "ताई, काय केलंत हे?"

"बरोबर नाव लिहिलं," केरुबो म्हणाली. तिनं कमरेला हात लावून स्वतःला उठवलं, डबा पिशवीत टाकला. "सहा दिवस आहेत. जरा झोपून घेते."

ती दारापाशी पोचली तेव्हा बारासा आपल्या जागी बसला होता आणि त्याच्या पडद्यावर तोच फोटो होता. त्यानं निळ्या गुंडाळीवरचं 'कागदाचा रोल' पुसलं आणि यादी उघडली.